वाईट बातमी ऐकताना हसू का फुटते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या मृत्यूची किंवा अपघाताची बातमी ऐकून मला हसू आले. याचा अर्थ मला वाईट वाटलेच नाही, असा होतो का?

नाही. चेहऱ्यावर उमटलेले हसू आणि मनातील आनंद यांची सांगड आपण इतक्या सहजतेने घालतो, की त्या दोहोंत फारकत झाली की आपला स्वतःवरचाच विश्वास उडतो. पण हसणे ही मुळात एक शारीरिक क्रिया आहे आणि ती सुरू होण्यासाठी गंमत वाटणे ही अट नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने रोजच्या बोलण्यातील सुमारे 1200 हास्यप्रसंगांची नोंद केली, तेव्हा विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसू जेमतेम दहा ते वीस टक्के निघाले. बाकीचे हसू ‘बरं, भेटू मग’ किंवा ‘तुम्हीच का ते?’ अशा अगदी साध्या वाक्यांनंतर आले होते. सुखाच्या दिवसांतही आपण बहुतेक वेळा गमतीवाचूनच हसत असू, तर संकटाच्या क्षणी आलेल्या हसण्याला गंमत वाटल्याचा पुरावा मानण्याचे कारण उरत नाही.

हसणारा माणूस खरोखरच व्यथित असतो, हे कशावरून म्हणायचे? तो नंतर सारवासारव करत असेल.

ही शंका रास्त आहे, कारण हसलेल्या माणसाचा शब्द एवढाच पुरावा सहसा आपल्याजवळ असतो. म्हणून ज्या प्रसंगात हसणे आणि व्यथा दोन्ही बाहेरच्या निरीक्षकांनी एकाच वेळी पाहिली, अशा एका प्रसंगाकडे जरा तपशिलाने पाहावे लागते. गंमत अशी, की तो प्रयोग हसण्याविषयी नव्हताच.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात केलेला आणि 1963 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आज्ञापालनाविषयी होता. चाळीस पुरुषांना एकेक करून बोलावण्यात आले. समोरच्या यंत्रावर 15 व्होल्टपासून 450 व्होल्टपर्यंत, पंधरा-पंधराच्या टप्प्याने चढत जाणारी तीस बटणे होती. शेजारच्या खोलीतील ‘विद्यार्थी’ चुकला की प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा झटका द्यायचा, एवढेच काम होते. विद्यार्थी प्रयोगकर्त्यांचा साथीदार होता आणि त्याला प्रत्यक्षात एकही झटका बसत नव्हता, पण बटण दाबणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. 300 व्होल्टला पलीकडून भिंतीवर धक्के मारल्याचा आवाज येई, 315 ला तो पुन्हा येई आणि त्यानंतर पलीकडे पूर्ण शांतता पसरे. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, म्हणून हा प्रयोग गाजला.

आपल्या विषयाचा तपशील मात्र त्याच अहवालात थोडा आडबाजूला आहे. चाळीसपैकी चौदा जणांमध्ये अस्वस्थ हसण्याची किंवा स्मिताची स्पष्ट चिन्हे निरीक्षकांना दिसली. तीन जणांना तर हसण्याचे असे अनावर झटके आले, की त्यांतील एकाच्या बाबतीत प्रयोगच थांबवावा लागला. ही माणसे त्याच वेळी घामाघूम होत होती, थरथरत होती, अडखळत बोलत होती, ओठ चावत होती. प्रयोग संपल्यावर झालेल्या मुलाखतीत त्यांनी आवर्जून सांगितले, की आपण क्रूर नाही आणि त्या हसण्याचा अर्थ समोरच्याला त्रास देण्यात मजा वाटली असा घेऊ नये. त्यांचे हे सांगणे एकटेच असते, तर त्याला सारवासारव म्हणता आले असते. पण घाम आणि थरकाप ठरवून आणता येत नाहीत.

या पुराव्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. सहभागी झालेले सगळे पुरुष होते आणि ते वाईट बातमी ऐकत नव्हते, तर आपल्या हातून वाईट घडते आहे असे त्यांना वाटत होते. तरीही तीव्र ताण आणि हसू एकाच शरीरात एकाच क्षणी नांदू शकतात, एवढे यातून नि:संशय दिसते. (माणसांना अशा कोंडीत पकडणे नैतिक होते का, यावर त्या प्रयोगाला पुढे बरीच टीका सहन करावी लागली आणि ती योग्यच होती, असे मला वाटते.)

त्या क्षणी शरीरात नेमके काय घडते?

हसण्याकडे पोहोचणाऱ्या वाटा मेंदूत एकाहून अधिक आहेत. एक वाट इच्छेची आहे. छायाचित्र काढताना किंवा वरिष्ठांच्या फिक्या विनोदाला दाद देताना आपण जे हसतो, ते मेंदूच्या वरच्या आवरणातील हालचालींच्या केंद्रातून निघते. दुसरी वाट भावनेची आहे. ती अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमस यांसारख्या खोल भागांकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभाकडे उतरते, आणि तिथून चेहरा, घसा व श्वास यांचे स्नायू एकत्रितपणे चालवले जातात. या वाटा वेगळ्या आहेत, हे काही रुग्णांवरून स्पष्ट दिसते. मेंदूला विशिष्ट ठिकाणी इजा झालेल्या माणसाला ‘हसून दाखवा’ म्हटले तर तोंडाची एक बाजू हलतच नाही, पण खरोखर हसू आले की तीच बाजू नीट हलते. इजा दुसऱ्या ठिकाणी असेल तर नेमके उलटे घडते.

धक्कादायक बातमी कानावर पडते तेव्हा खालची, भावनेची यंत्रणा एकदम जागी होते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, श्वास छातीत अडकतो. आता हसणे म्हणजे यांत्रिकदृष्ट्या काय, ते पाहा: तो बाहेर टाकला जाणारा तुकड्यातुकड्यांचा उच्छ्वास आहे. ‘हा-हा’ मधील दोन आवाजांमध्ये साधारण एक पंचमांश सेकंदाचे अंतर असते. अडकून राहिलेला श्वास सुटताना तो असा तुकड्यांत सुटला, तर ऐकणाऱ्याला हसू ऐकू येते. हुंदक्याची यंत्रणाही याच स्नायूंवर चालते. म्हणूनच हसता हसता रडू फुटणे किंवा रडता रडता हसू येणे शरीराला मुळीच अवघड जात नाही.

हे हसू थांबवणे इतके कठीण का, याचेही उत्तर यातच आहे. इच्छेची वाट भावनेच्या वाटेवर थोडाबहुत लगाम ठेवते, पण तो पूर्ण ताबा नसतो. ताण वाढला, झोप कमी झाली असली किंवा बातमी अगदी अनपेक्षित असली, की तो लगाम सैल पडतो.

मग रडूच का येत नाही? हसूच का येते?

या प्रश्नाला एकच सर्वमान्य उत्तर नाही. जी स्पष्टीकरणे दिली जातात, त्यांतील तीन विचारात घेण्याजोगी आहेत आणि माझ्या मते ती एकमेकांना छेद देत नाहीत.

सर्वांत जुने स्पष्टीकरण हर्बर्ट स्पेन्सर यांचे, 1860 चे. मज्जासंस्थेत साठलेला अतिरिक्त जोर बाहेर पडायला सोपी वाट शोधतो आणि बोलण्याचे व श्वासाचे स्नायू ही ती सोपी वाट असते, असे त्यांचे म्हणणे होते. मज्जासंस्थेला वाफेच्या बंद भांड्याची उपमा आज कुणी जशीच्या तशी मान्य करणार नाही. पण अनुभवाचे वर्णन म्हणून ते चुकीचे नाही. चार्ल्स डार्विन यांनीही 1872 मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिताना एक बोलकी नोंद केली आहे: 1870-71 च्या पॅरिसच्या वेढ्यात मोठ्या धोक्यातून गेलेले जर्मन सैनिक अगदी क्षुल्लक विनोदावरही मोठमोठ्याने हसत सुटत.

दुसरे स्पष्टीकरण भावनेच्या समतोलाचे आहे. ओरियाना अरागॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भावना एक आणि तिचा आविष्कार दुसराच, अशा प्रसंगांचा अभ्यास केला. गोंडस बाळ पाहून त्याचा गाल करकचून ओढावासा वाटणे किंवा आनंदाच्या भरात रडू येणे ही त्याची नेहमीची उदाहरणे. भावना पेलवेनाशी झाली की उलट दिशेचा आविष्कार तिला खाली आणायला मदत करत असावा, अशी त्यांची मांडणी आहे. तो अभ्यास मुख्यतः सुखद भावनांचा होता. दुःखाच्या क्षणीच्या हसण्याला तो लावणे हा पुढचा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तर्क सयुक्तिक आहे.

तिसरे स्पष्टीकरण समोरच्या माणसाशी संबंधित आहे. माकडे आणि वानर यांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या यान व्हान होफ यांनी 1972 मध्ये असे मांडले, की माणसाच्या स्मिताचे मूळ आवाज न करता दात दाखवण्याच्या हावभावात असावे. अनेक प्रजातींत दुबळा प्राणी बलवान प्राण्यासमोर असे दात दाखवतो. त्याचा अर्थ ‘मला आनंद झाला’ असा नसून ‘माझ्यापासून तुला धोका नाही, मला मारू नकोस’ असा असतो. रागावलेल्या माणसासमोर किंवा गंभीर चेहऱ्याने बातमी सांगणाऱ्यासमोर आपल्या ओठांवर जे ओशाळे स्मित येते, ते पाहिले की हे म्हणणे पटते.

एखादा प्रसंग घेऊन हे उलगडून सांगता येईल का?

एक कल्पित, पण नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. दुपारी फोन वाजतो. मोठा भाऊ म्हणतो, “अगं, मावशी गेली. सकाळीच.” धाकटी बहीण क्षणभर गप्प राहते आणि मग तिच्या तोंडून “काय? हं, काहीतरीच काय,” असे शब्द हसण्यासह बाहेर पडतात. पलीकडे शांतता. ती शांतता ऐकून तिला आणखी हसू येते. भाऊ दुखावल्या आवाजात विचारतो, “तू हसतेस?” ती फोन ठेवते आणि तासाभराने ओट्याशी उभी असताना तिला रडू कोसळते.

यात हसू दोनदा आले आहे आणि दोन्ही हसू एका जातीचे नाहीत. पहिले हसू अविश्वासाचे आहे. कालपर्यंत ठीक असलेली मावशी आणि ‘गेली’ हा शब्द यांचा मेळ मेंदूला बसत नाही, आणि न बसणाऱ्या गोष्टीवर हसण्याची सवय आपल्याला चेष्टामस्करीतून लागलेली असते. तिच्या ‘काहीतरीच काय’ या शब्दांत, ही चेष्टाच असावी, ही आशा आहे. दुसरे हसू शांततेमुळे आले. आपण चुकीचे काहीतरी केले, हे कळल्याचा तो ताण होता, म्हणजे आता तिच्यावर दोन ताण होते: बातमीचा आणि स्वतःच्या हसण्याचा. ‘तू हसतेस?’ या प्रश्नाने तिसऱ्या ताणाची, लाजेची भर घातली. दुःख कुठेच गेले नव्हते. ते पोहोचायला तास लागला, कारण बातमीचा अर्थ लागण्यापूर्वीच शरीराने उत्तर देऊन टाकले होते.

पहिले हसू अविश्वासाचे आहे, हे भावाला माहीत असते, तर पुढचे टळले असते. पहिल्या हसण्यानंतर त्याने आवाज न चढवता फक्त “हो गं, खरंच गेली,” एवढे पुन्हा सांगितले असते, तर दुसरे हसू बहुधा आलेच नसते.

हसू दाबायला गेले की ते वाढते. असे का?

डॅनियल वेगनर यांनी 1987 मध्ये दाखवून दिले, की एखाद्या गोष्टीचा विचार करू नका असे सांगितले, तर माणसाला तो विचार टाळता येत नाही. त्यांच्या प्रयोगात ती गोष्ट पांढरे अस्वल होती. आपण टाळतो आहोत ना, हे तपासत राहण्यासाठी मेंदूला ती गोष्ट सतत शोधावी लागते. ‘हसायचे नाही’ असे स्वतःला बजावणाराही आपल्या तोंडाच्या कोपऱ्यांवर पहारा ठेवून बसतो आणि पहिली बारीक हालचाल झाली की घाबरतो. श्वास रोखून धरल्याने तर भर पडते, कारण रोखलेला श्वास कधीतरी सुटणारच असतो आणि तो फुसकन सुटतो.

म्हणून दाबण्यापेक्षा श्वासाची लय बदलणे अधिक उपयोगी पडते. तोंड किंचित उघडे ठेवून श्वास सावकाश, सलग आणि लांब बाहेर सोडावा. हसण्यासाठी तुकड्यांचा उच्छ्वास लागतो, त्यामुळे उच्छ्वास सलग असेतो हसू त्यात शिरू शकत नाही. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून काढून एखाद्या स्थिर वस्तूवर न्यावी, विशेषतः शेजारी दुसरे कुणी हसू दाबत असेल तर त्याच्याकडे मुळीच पाहू नये. काही लोक गालाची आतली बाजू चावतात. त्याने क्षणभर काम भागते, पण ताण काही उतरत नाही.

समोरचा माणूस खरोखर मजेत हसतो आहे की अस्वस्थतेने, हे कसे ओळखावे?

एकोणिसाव्या शतकात ड्युशेन या फ्रेंच वैद्यकाने दाखवून दिले, की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूसोबत डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो. अस्वस्थ हसण्यात डोळे बहुधा त्यात सामील नसतात. मात्र या एकाच खुणेवर विसंबू नये, कारण बरेच लोक ठरवूनही डोळे बारीक करू शकतात. हसू येण्याची वेळ अधिक विश्वासार्ह ठरते. अस्वस्थ हसू वाक्याच्या सर्वांत जड शब्दापाशी फुटते, लवकर तुटते आणि त्यानंतर चेहरा एकदम रिकामा होतो. मजेचे हसू हळूहळू ओसरते. शिवाय हात, खांदे आणि आवाज पाहावेत. मानेला किंवा चेहऱ्याला वारंवार हात लागत असेल, आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गेला असेल, तर हसणाऱ्याची दशा काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

समुपदेशकांना याचा अनुभव रोज येतो. स्वतःवर झालेल्या मारहाणीची हकीकत सांगताना माणूस मध्येच हसतो. जाणता समुपदेशक तिथे सोबत हसत नाही आणि ‘यात हसण्यासारखे काय?’ असेही विचारत नाही, कारण नेमक्या त्याच जागी सर्वाधिक दुखते आहे, अशी ती खूण असू शकते.

रागावले की माझे मूल हसते. ते उद्धट आहे का?

बहुतेक वेळा ते घाबरलेले असते. वर सांगितलेले ‘मला मारू नकोस’ हे स्मित इथे अगदी उघड दिसते. घोटाळा असा होतो, की हसू पाहून आई किंवा बाबा आणखी चिडतात, त्यांचा आवाज चढतो, मुलाची भीती वाढते आणि हसूही वाढते. आवाज खाली आणून, खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन तेच वाक्य पुन्हा सांगून पाहावे. भीतीमुळे आलेले हसू अशा वेळी बहुधा विरते. ते तसेच राहिले, मूल आपल्याकडे पाहून पुढची खोडी काढू लागले, तर तो खेळ आहे आणि त्याला वेगळे उत्तर द्यावे लागेल.

शोकात असताना मृत माणसाची आठवण काढून हसणे हाही याचाच प्रकार आहे का?

नाही, ते वेगळे हसू आहे. डाखर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदार जाऊन सुमारे सहा महिने झालेल्या माणसांशी त्या जोडीदाराविषयी बोलणे केले. बोलताना डोळ्यांसह मनापासून हसलेल्यांमध्ये दुःखाची तीव्रता कमी आढळली. ते धक्क्याचे नव्हे, आठवणींचे हसू होते. हसल्यामुळे दुःख कमी झाले की दुःख कमी झाल्यामुळे हसता आले, हे मात्र अशा अभ्यासातून ठरवता येत नाही.

हा आजार असू शकतो का? डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताणाच्या क्षणी अधूनमधून येणारे हसू हा आजार नाही. पण हसण्याचे किंवा रडण्याचे झटके कसल्याही कारणाशिवाय, वारंवार आणि मनाच्या स्थितीशी मुळीच न जुळता येत असतील, तर तो स्यूडोबल्बार अफेक्ट हा विकार असू शकतो. पक्षाघात, डोक्याला गंभीर इजा किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस यांसारखे मज्जासंस्थेचे आजार यांनंतर तो दिसतो. भावनेच्या वाटेवरचा वरचा लगाम तुटल्याचा तो परिणाम मानला जातो आणि त्यावर औषधे आहेत. लहान मुलात कारणाविना, एकसारख्या स्वरूपाचे हसण्याचे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, त्या वेळी मूल हाकेला ओ देत नसेल, तर तो अपस्माराचा एक दुर्मिळ प्रकार असू शकतो आणि कधी कधी त्यामागे हायपोथॅलॅमसमधील गाठ असते. अशा वेळी मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवण्यात उशीर करू नये. झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून नेले, तर निदानाला मोठी मदत होते.

फरक ओळखण्याचा साधा प्रश्न हा: हसू येण्यापूर्वी ताण देणारे काही घडले होते का? घडले होते, आणि तुम्हाला नंतर ओशाळल्यासारखे झाले, तर चिंतेचे कारण सहसा नसते.

हसलो, समोरचा दुखावला. आता काय बोलावे?

लांबलचक खुलासा करू नये, कारण दुःखात असलेल्या माणसाला तो ऐकत बसावे लागते आणि मग त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. “माफ कर, घाबरलो की मला असंच होतं. मला फार वाईट वाटलं,” एवढे पुरेसे आहे. हे त्याच दिवशी सांगावे. आणि तुम्हाला असे हसू येते हे आधीपासून ठाऊक असेल, तर घरातल्या जवळच्या दोन-तीन माणसांना ते एखाद्या निवांत दिवशीच सांगून ठेवावे.